स्वागत पाहुण्याचं, परिचय श्रोत्यांना

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेबद्दल यंदा एका नेहमीच्या श्रोत्याने लेखी तक्रार दिली. व्याख्यान साडेसहाचं होतं आणि वक्त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा आठ वाजत आले होते. शेवटची एसटी पकडायची असल्याने हे गृहस्थ व्याख्यान अर्धवट सोडून गेले. त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं : 'मी बाईंना ऐकायला आलो होतो, पण बाईंविषयीच तीनदा ऐकून परत गेलो.' कार्यकारिणीच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवलं गेलं आणि लगेच दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, औपचारिकता सगळी काढून टाका, नाव सांगा आणि वक्त्याला बोलू द्या. जुनी मंडळी म्हणाली, पाहुणा दारात आल्यावर त्याचं स्वागत करायचं नाही तर काय करायचं, ही आपली रीत आहे. दोन तास वाद चालला. शेवटी 'स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय मिळून वीस मिनिटांच्या आत उरकावं' असा ठराव झाला आणि सगळे चहाला उठले.

या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला नाही. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली होती, ती म्हणजे स्वागत आणि परिचय हा एकच ऐवज आहे आणि तो कमी करायचा की ठेवायचा एवढाच प्रश्न आहे. माझं मत वेगळं आहे. ही दोन निराळी भाषणं आहेत, ती निराळ्या माणसांना उद्देशून केलेली असतात आणि दोघांकडे सांगायचा मजकूरही निराळा असतो. स्वागतात घराची ओळख पाहुण्याला करून द्यायची असते. परिचयात पाहुण्याची ओळख घरच्यांना करून द्यायची असते. हे ध्यानात घेतलं तर एकातलं काय दुसऱ्यात येता कामा नये हे आपोआप ठरतं आणि मिनिटं मोजत बसावं लागत नाही. हे ध्यानात घेतलं नाही, तर वीस मिनिटांतही तीच माहिती तीनदा सांगता येते. फक्त ती घाईघाईने सांगितली जाईल.

त्या संध्याकाळी काय घडलं ते जरा तपशिलाने सांगतो, कारण चूक कुठे झाली ते त्यातच दिसतं. विषय होता तालुक्यातलं भूजल. वक्त्या भूगर्भशास्त्रज्ञ. कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीताला 8 मिनिटं लागली. अध्यक्षांनी स्वागत केलं, 14 मिनिटं. कार्यवाहांनी प्रास्ताविक केलं, 17 मिनिटं. एका शिक्षक सभासदांनी परिचय करून दिला, 16 मिनिटं. मग शाल, श्रीफळ, पुस्तक, स्मृतिचिन्ह आणि प्रत्येक वेळी फोटो, यात 12 मिनिटं गेली. वक्त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा 7 वाजून 52 मिनिटं झाली होती. मी टिपणवहीच्या कडेला वेळा लिहीत होतो. त्यांच्याच शेजारी मी आणखी एक नोंद करत गेलो. वक्त्यांची पदवी, त्यांची नोकरी आणि त्यांना मिळालेले चार पुरस्कार स्वागतात आले, प्रास्ताविकात आले आणि परिचयातही आले. वाचनालयाचा इतिहास स्वागतात आला, प्रास्ताविकात आला आणि परिचय करून देणाऱ्यांनीही 'या ऐतिहासिक वास्तूत' म्हणून तो थोडक्यात पुन्हा सांगितला. व्यासपीठावरच्या नऊ जणांची नावं पदांसह घेण्याचा क्रम तिघांनीही पाळला.

तिघंही मनापासून बोलत होते. तिघांनीही तयारी केली होती आणि नेमकं तिथेच गाडं अडलं. वक्त्यांनी स्वतःविषयी एक पान माहिती कार्यालयाला पाठवली होती. कार्यालयाने ते पान व्हॉट्सॲपवर तिघांनाही पाठवलं. एकाच पानावरून तिघांनी तीन भाषणं लिहिली आणि दुसरे दोघं काय बोलणार आहेत हे कोणी कोणाला विचारलं नाही. पुनरुक्ती व्यासपीठावर ऐकू आली, पण ती दोन दिवस आधी त्या एका पानाबरोबरच तयार झाली होती.

वेळ गेला, हे नुकसान त्या मानाने लहान होतं. मोठं नुकसान वक्त्यांचं झालं. त्यांच्या पहिल्या कार्डावर एक आठवण लिहिलेली होती. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या दोराच्या शिडीने एका विहिरीत उतरल्या. विहिरीच्या तीन बाजू कोरड्या ठणठणीत होत्या आणि चौथ्या बाजूला वीतभर रुंदीच्या भेगेतून पाणी पाझरत होतं. ती भेग पाहिल्यावर कातळ पाणी कसं धरतो ते त्यांना प्रथम कळलं. या आठवणीवर त्यांचं सगळं व्याख्यान उभं होतं. पण ती आठवण त्यांच्या जुन्या एका मुलाखतीत छापून आलेली होती, परिचय करून देणाऱ्यांनी ती वाचली होती आणि परिचयाच्या शेवटी रंगवून सांगितली. टाळ्याही मिळाल्या. मी पहिल्या रांगेत होतो. बाईंनी पेन काढलं, वरच्या कार्डावर आडव्या दोन रेघा मारल्या आणि ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. व्याख्यान सुरू झालं ते पर्जन्यमानाच्या आकड्यांनी. नंतर चहाच्या वेळी त्या इतकंच म्हणाल्या, 'सुरुवातच राहिली नाही हो.' मला त्या वाक्याचं अजून वाईट वाटतं. आपण पाहुण्याला बोलावलं आणि त्याच्या तोंडची गोष्ट आपणच आधी सांगून टाकली.

आता मुद्द्याकडे येतो. स्वागत कोणाशी बोलतं? पाहुण्याशी. म्हणून त्याची भाषा 'आपण' ची असते : आपण आलात, आपण वेळ काढलात. परिचय कोणाशी बोलतो? सभागृहाशी. म्हणून त्याची भाषा 'त्या' ची किंवा 'ते' ची असते : त्या गेली 22 वर्षं हे काम करत आहेत. ही सर्वनामं बदलली की समजावं, भाषण भरकटलं. स्वागत करणारा पाहुण्याकडे पाठ करून श्रोत्यांना 'त्यांनी अमुक साली डॉक्टरेट मिळवली' असं सांगू लागला की तो परिचयात शिरला. परिचय करून देणारा वक्त्याकडे वळून 'मॅडम, आपण आमच्या विनंतीला मान दिलात' म्हणू लागला की तो स्वागतात शिरला. एकदा या खुणेने ऐकून पाहा. दहा कार्यक्रमांपैकी किती ठिकाणी माणूस आपल्या जागी उभा असतो?

स्वागत आणि परिचय वेगळे असल्याची आणखी एक खूण आहे. स्वागताला उत्तर देता येतं, परिचयाला नाही. 11 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी जे भाषण केलं, ते आपल्याकडे 'शिकागोचं भाषण' म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिथल्या कामकाजात ते स्वागताला दिलेलं उत्तर होतं. यजमानांनी प्रतिनिधींचं स्वागत केलं आणि एकेका प्रतिनिधीने उठून त्याला उत्तर दिलं. छापील रूपात ते भाषण पाचशे शब्दांचंही भरत नाही. त्यात ते स्वतःविषयी जवळजवळ काही सांगत नाहीत. संन्याशांच्या प्राचीन परंपरेच्या वतीने, धर्मांच्या जननीच्या वतीने आभार मानतात, निर्वासितांना आश्रय देणाऱ्या देशातून आपण आलो आहोत असं सांगतात. म्हणजे तेही आपल्या घराविषयीच बोलतात. यजमानाने आपलं घर पुढे केलं, पाहुण्याने आपलं. हिंदू धर्मावरचा त्यांचा सविस्तर निबंध आठ दिवसांनी, 19 सप्टेंबरला आला. त्या पहिल्या दिवशी यजमानांनी व्यासपीठावरून प्रत्येक प्रतिनिधीचं चरित्र वाचलं असतं, तर उत्तर कशाला द्यायचं होतं? स्वतःच्या जन्मसालाला आणि पदवीला कोणी काय उत्तर देणार?

आपल्या साहित्य संमेलनाने हा भेद पदाच्या रूपातच जपला आहे. तिथे संमेलनाध्यक्ष वेगळे असतात आणि स्वागताध्यक्ष वेगळे. स्वागताध्यक्षाला साहित्यातला अधिकारी असण्याची सक्ती नाही, तो त्या गावाच्या वतीने उभा असतो. 1975 साली कराडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. आणीबाणीचा काळ, यशवंतराव केंद्रात मंत्री, आणि दुर्गाबाईंनी त्याच संमेलनात तुरुंगवास भोगलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. यशवंतराव तिथे होते ते कराडचे म्हणून, कृष्णाकाठचा यजमान म्हणून. दुर्गाबाईंच्या विचारांची शिफारस करणं ही त्यांची जबाबदारी नव्हती. म्हणूनच त्या विचारांशी मतभेद असूनही यजमानपण निभावता येतं. स्वागत करणाऱ्याने पाहुण्याच्या कर्तृत्वाची हमी घ्यायची नसते, आपल्या दाराची घ्यायची असते. ज्याला पाहुण्याचं काम नीट माहीत आहे, त्याने परिचय करून द्यावा. ज्याचा घरावर हक्क आहे, त्याने स्वागत करावं. आपल्याकडे याच्या उलट होतं : अध्यक्षाला मोठं म्हणून स्वागत द्यायचं आणि तो मोठा असल्याने त्याने पाहुण्याचं मोठेपणही सांगायचं.

यावर जुनी मंडळी जे म्हणतात त्यात तथ्य आहे, ते बाजूला सारून चालणार नाही. पहिलं म्हणजे लोक उशिरा येतात. साडेसहाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, पहिल्यांदा सांगितलेलं निम्म्यांनी ऐकलेलंच नसतं. हे खरं आहे, आणि म्हणून एक गोष्ट मी मुद्दाम पुन्हा येऊ देईन : वक्त्याचं नाव आणि विषय. ते स्वागतात यावं, परिचयातही यावं, आभारातही यावं. पण नाव पुन्हा घेणं आणि चार पुरस्कारांची यादी पुन्हा वाचणं यात फरक आहे. उशिरा आलेल्याला कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. त्याला पुरस्कारांची यादी ऐकायला मिळाली नाही म्हणून व्याख्यान कळणार नाही असं होत नाही.

दुसरा मुद्दा मानाचा आहे आणि तो जास्त जड आहे. कर्तृत्व सभेत उच्चारणं हाच आपल्याकडे सन्मान आहे. एखाद्या माणसाने तीस वर्षं तालुक्यातालुक्यांत उन्हातान्हात काम केलं आणि ते चार लोकांपुढे कोणी बोललंच नाही, तर त्याला काय वाटेल? आखडता परिचय अपमानासारखा लागू शकतो, हे मी नाकारत नाही. पण यासाठी आपल्या परंपरेने वेगळी सोय करून ठेवलेली आहे आणि आपण ती विसरलो आहोत : मानपत्र. मानपत्रात कर्तृत्वाचा पाढा सविस्तर वाचायचा असतो. ते दुसऱ्या पुरुषात, 'आपण' म्हणून लिहिलेलं असतं, वाचून दाखवून चौकटीसह हाती दिलं जातं. ज्या दिवशी सत्कार हाच कार्यक्रम आहे, षष्ट्यब्दी आहे, निवृत्ती आहे, त्या दिवशी मानपत्र दहा मिनिटं वाचा, कोणी तक्रार करणार नाही. व्याख्यानाच्या दिवशी वक्ता बोलण्यासाठी आलेला असतो, आणि त्याच्या कामाचा मान लोकांनी ते काम लक्ष देऊन ऐकण्यात असतो. यादी हवीच असेल तर निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर छापा. आमच्या पत्रिकेचं ते पान वर्षानुवर्षं कोरं जातं.

तिसरा मुद्दा बैठकीत कोणी मांडला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते आणि तिची शेवटची ओळ ठरलेली असते : स्वागत अमुक यांनी केले, प्रास्ताविक तमुक यांनी केले, परिचय अमक्यांनी करून दिला, सूत्रसंचालन तमक्यांनी केले, आभार अमक्यांनी मानले. वर्षभर सतरंज्या अंथरणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, रात्री खुर्च्या मोजून परत करणाऱ्या माणसांचं नाव वर्षातून एकदा या ओळीत छापून येतं. हे क्षुल्लक नाही. छोट्या गावातली संस्था अशाच माणसांवर चालते, आणि 'थेट वक्ता' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट दिसलेली नाही. पण मग माझं म्हणणं याच माणसांच्या बाजूचं आहे. ज्याने वर्षभर काम केलं त्याला स्वतःचं असं काही बोलायला द्या. आज त्याला मिळतं ते आधीच्या दोघांनी वाचून झालेलं पान, आणि तो उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली असते. ही त्याच्या कष्टांची कदर आहे का?

तर मग प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःचं काय येतं? स्वागताकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते पाहुण्याविषयीचं नसतं. पाहुण्याला स्वतःची पदवी माहीत असते. त्याला माहीत नसतं ते समोर कोण बसलं आहे. त्या दिवशीचं स्वागत मी बैठकीनंतर घरी बसून पुन्हा लिहून पाहिलं, ते असं झालं :

'मॅडम, आमच्या वाचनालयात आपलं मनापासून स्वागत. आपण आज साडेचार तासांचा प्रवास करून आलात, घाटात गाडी अडकली तरी वेळेवर पोहोचलात. आत येताना उजव्या हाताला जी विहीर आपण पाहिलीत, तिच्यावर हे वाचनालय आणि शेजारची शाळा चाळीस वर्षं पाणी प्यायली. गेली अकरा वर्षं ती एप्रिलमध्येच आटते. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक शेती करतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी गेल्या पाच वर्षांत बोअर घेतली आहे, काहींनी दोन-दोन घेतल्या आहेत. मागे बसलेली मुलं शेजारच्या हायस्कूलमधली आहेत. व्यासपीठावरच्या सर्व मान्यवरांचंही स्वागत करतो.' आणि मग नऊ नावं, पदांसह, एकदाच.

हे सावकाश बोललं तर नावांसकट तीन मिनिटांत होतं. यात वक्त्यांविषयी एकही बातमी नाही, तरी वक्त्यांना यातून फार काही मिळतं. बोअर घेतलेले शेतकरी समोर आहेत हे कळल्यावर भूजलाचा अभ्यासक वेगळं बोलतो, आवारातल्या आटलेल्या विहिरीचा उल्लेख करतो, मुलांसाठी एखादी गोष्ट सोपी करतो. त्या दिवशीच्या 14 मिनिटांच्या स्वागतात वाचनालयाच्या स्थापनेपासूनचे सगळे अध्यक्ष येऊन गेले, पण समोर कोण बसलंय हे वक्त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यामुळे बोअरवेलवरच्या तीन चित्रफिती त्यांनी 'हे तांत्रिक आहे' म्हणून पुढे सरकवल्या. लोक त्याच पाहायला आले होते.

नऊ नावांचं म्हणाल, तर ती घेतली नाहीत तर माणसं दुखावतात हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच ती स्वागताची जबाबदारी. घरात आलेल्यांना नावानिशी 'या' म्हणणं हे यजमानाचंच काम आहे. ते एकदा नीट झालं की पुढच्या प्रत्येकाला 'व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित बंधुभगिनींनो' एवढं पुरतं.

परिचय मात्र श्रोत्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर असतो : या विषयावर, आज, आम्ही यांचंच का ऐकायचं? या प्रश्नाला जे उत्तर देतं ते परिचयात राहील आणि जे देत नाही ते कितीही मोठं असलं तरी बाहेर जाईल. भूजलाच्या व्याख्यानाला वक्त्यांना कवितेसाठी मिळालेला पुरस्कार कशासाठी? त्याच वक्त्या उद्या कविसंमेलनाला आल्या तर तोच पुरस्कार आधी सांगावा लागेल आणि विहिरी मागे जातील. म्हणजे एका माणसाचा एकच परिचय नसतो, विषय बदलला की तो बदलतो. बायोडाटा बदलत नाही, म्हणून बायोडाटा वाचून दाखवणं हा परिचय होत नाही. हाही मी लिहून पाहिला :

'आपल्यापैकी पुष्कळांनी बोअर घेताना हा प्रश्न विचारला असेल, की शेजारच्याला दीडशे फुटांवर पाणी लागलं आणि मला चारशे फुटांवर धूळच का आली? आजच्या वक्त्या भूगर्भशास्त्रज्ञ आहेत आणि गेली 22 वर्षं त्या याच प्रश्नामागे आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या सत्तर विहिरींची पाणीपातळी त्या दरवर्षी दोनदा स्वतः जाऊन मोजतात, पावसाच्या आधी मे महिन्यात आणि पावसानंतर ऑक्टोबरात. त्यांच्या पायांखालचा कातळ आणि आपल्या पायांखालचा कातळ एकच आहे, त्यामुळे तिथलं मोजमाप आपल्याही कामाचं आहे. विषय आहे, आपल्या कातळातलं पाणी.' आणि मग पूर्ण नाव.

यात पदवी नाही का? 'भूगर्भशास्त्रज्ञ' या एका शब्दात ती आली. यात अधिकार नाही का? 22 वर्षं आणि सत्तर विहिरी यांहून मोठा अधिकार या विषयात कोणता सांगायचा? आणि यात ती विहिरीतल्या भेगेची गोष्ट नाही, कारण ती बाईंची आहे. परिचय करून देणाऱ्याने प्रश्न उभा करायचा, उत्तर वक्त्यासाठी ठेवायचं. ही रेघ कुठे ओढायची ते अंदाजाने ठरवू नये. आदल्या दिवशी फोन करून विचारावं : 'सुरुवात कशाने करणार आहात? आम्ही काय बोलू नये?' दोन मिनिटांचा फोन असतो. मी गेल्या काही वर्षांत हा प्रश्न जितक्या वक्त्यांना विचारला, त्यांतल्या एकालाही तो आगाऊपणाचा वाटला नाही. उलट एक जण म्हणाले, माझ्या वडिलांचा उल्लेख करू नका, मी शेवटी त्यांच्यावर येणार आहे.

'यांना परिचयाची गरज नाही' हे वाक्यही यातूनच आलेलं आहे. परिचय म्हणजे माणूस कोण आहे ते सांगणं अशी समजूत असल्यावर प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत अडचण होते, म्हणून आधी गरज नाही म्हणायचं आणि मग सगळं सांगायचं. पण प्रसिद्ध माणसालाच परिचयाची जास्त गरज असते. नट म्हणून घराघरांत माहीत असलेला माणूस आज दुष्काळावर बोलायला आला असेल, तर दुष्काळाशी त्याचा संबंध काय हे सभेला कोणी तरी सांगायला हवं. चेहरा ओळखीचा असतो, पण आज त्याने इथे का बोलावं ते लोकांना ठाऊक असेलच असं नाही.

मधल्या प्रास्ताविकाचं काय? स्वागत घराविषयी, परिचय वक्त्याविषयी, तसं प्रास्ताविक कार्यक्रमाविषयी असतं : ही माला का, यंदा हा विषय का निवडला, आजचं व्याख्यान कितवं. वर्षभराचा अहवाल वाचण्याची ही जागा नाही, त्यासाठी वार्षिक सभा असते. मालेच्या पहिल्या दिवशी प्रास्ताविकाला पाच मिनिटं द्यावीत, पुढच्या दिवशी ते स्वागतातल्या दोन वाक्यांत मावतं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. संस्कृत नाटकाची सुरुवात पाहा. आधी नांदी, मग प्रस्तावना. नांदी देवतेला उद्देशून, प्रस्तावना प्रेक्षकांसाठी. नांदीत कवीचं नाव येत नाही आणि प्रस्तावनेत देवतेची स्तुती पुन्हा होत नाही. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला बोलावतो, समोरची सभा जाणकारांची आहे आणि कालिदासाचं नवं नाटक करायचं आहे असं सांगतो. कालिदास कोण, कुठला, कोणाच्या पदरी, यातलं एक अक्षर नाही. मग नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते. सूत्रधार त्यात इतका रमतो की कोणतं नाटक करायचं तेच विसरतो, आणि नटीने आठवण करून दिल्यावर म्हणतो, तुझ्या गाण्याने मला असं ओढून नेलं, जसं या वेगवान हरणाने दुष्यंत राजाला. या वाक्याबरोबर राजा हरणाचा पाठलाग करत रंगमंचावर येतो आणि सूत्रधार व नटी निघून जातात. नाव उच्चारलं, पात्र आलं, ओळख करून देणारा बाजूला झाला. शिकारीची हकीकत तो सांगत नाही, कारण ती पुढच्याच क्षणी डोळ्यांपुढे घडायची असते.

राहता राहिली एक खरी अडचण. लहान संस्थेत बोलणारी माणसं कमी असतात, स्वागत आणि परिचय एकालाच करावा लागतो. त्याला हरकत नाही, फक्त दोन्ही एका दमात करू नयेत. स्वागत करताना वक्त्याकडे वळून उभं राहावं, 'आपण' म्हणावं, पुष्पगुच्छ आणि शाल तिथेच द्यावी म्हणजे सत्काराचं वेगळं प्रकरण उरत नाही. मग सभागृहाकडे वळावं, क्षणभर थांबावं आणि 'आपण' ऐवजी 'त्या' वर यावं. नाव अगदी शेवटी घ्यावं आणि लगेच माईक सोडून खाली बसावं, म्हणजे टाळ्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना उठून पुढे येताना त्या ऐकू येतील.

वीस मिनिटांचा ठराव मागे घ्यावा असं पत्र मी कार्यकारिणीला दिलं आहे. त्याऐवजी दोन गोष्टी मागितल्या आहेत. वक्त्यांचं माहितीपत्रक यापुढे फक्त परिचय करून देणाऱ्याला पाठवावं. आणि स्वागत करणाऱ्याने त्या दिवशी सभागृहात कोण येणार आहे याची चौकशी करून चार ओळी लिहून आणाव्यात. पुढचं व्याख्यान पोस्टातल्या बचत योजनांवर आहे. स्वागत करणाऱ्या आमच्या सभासद बाई काल बचत गटाच्या बैठकीला जाऊन आल्या. चाळीस जणी येणार आहेत, त्यातल्या अकरा जणींची पासबुकं नवऱ्यांकडे आहेत, असं त्यांनी वहीत लिहून आणलं आहे.